जिलेबी: तेलाचा ताव, तळायची वेळ आणि पाकात टाकायची घडी

प्रश्न: "मी घरी जिलेबी करते. पीठ रात्रभर छान आंबतं, त्याची तक्रार नाही. पण तेलात सोडल्यावर कधी वेटोळी फिसकटतात, कधी चपटी पसरतात. जी बरी जमते तीही पाकातून काढल्यावर दहा मिनिटांत मऊ पडते. तेल नेमकं किती गरम हवं, किती वेळ तळायची आणि पाकात कधी टाकायची? २६ जानेवारीला सोसायटीत करून न्यायची आहे."

ताई, तेल, वेळ आणि पाक यांची उत्तरं सुटी सुटी देता येत नाहीत, कारण तिन्ही ठिकाणी खेळ एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे जिलेबीच्या पोटातल्या वाफेचा. तळलेली पण पाकात न घातलेली एखादी जिलेबी मोडून बघा. बाहेर पातळ कडक भिंत दिसेल, भिंतीच्या आतल्या अंगाला बारीक जाळी आणि मधे पोकळी. म्हणजे जिलेबी ही नळी असते. ती पोकळी पिठातल्या पाण्याची वाफ होऊन पडते. आंबवणातले बुडबुडे वाफेला शिरायला जागा करून देतात, एवढंच त्यांचं काम. तेलाचा ताव बरोबर असेल तर वरचं कवच धरायला आणि आतली वाफ फुगायला एकच वेळ येते. तो चुकला की या दोघांची चुकामूक होते.

तेल कोमट असलं की कवच धरायला वेळ लागतो. तोवर पीठ बुडाशी पसरतं, वाफ हळूहळू पिठातूनच झिरपून जाते आणि नळी फुगतच नाही. हाती येते चपटी, तेल प्यायलेली पट्टी. उलट तेल फार तापलेलं असेल तर धार तेलाला लागताक्षणी वाफ भसकन सुटते, पीठ उसळतं, कडी सुटतात आणि वेटोळ्याचे तुकडे तेलावर नाचायला लागतात. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी परस्परांच्या उलट आहेत. एकाच पिठाला एकाच दिवशी दोन्ही होतात, याचा मला दिसणारा अर्थ एवढाच, की पीठ ठीक आहे आणि तेल घाण्यागणिक बदलतंय. हे का होतं ते पुढे सांगतो, कारण ते कळलं की निम्मं काम झालं.

आधी एक कबूल करायला हवं. मी देतो ते आकडे तुमच्या गॅसला, भांड्याला आणि धारेच्या जाडीला लावून घ्यावे लागतील. आमच्याकडे लग्नाच्या ऑर्डरला मोठी तई असते, तिच्यात तेल भरपूर आणि खाली भट्टी. तिच्यात एका वेळी पंधरा-वीस जिलेब्या सोडल्या तरी तेलाला फारसा फरक पडत नाही. व्हिडिओत हलवाई तई भरून वेटोळी घालताना दिसतो ते त्यामुळे. घरच्या लिटरभर तेलाचं तसं नसतं. चार जिलेब्या पडल्या की ते दहा-पंधरा अंशांनी खाली येतं. त्यामुळे हलवायाचा हात बघून शिका, पण त्याचा घाणा किती मोठा आहे ते बघून आपला ठरवू नका.

भांड्याबद्दल थोडक्यात. गोल बुडाच्या कढईत जिलेबी करू नका. तिच्यात तेल मधे खोल आणि कडेला उथळ असतं, खालून तापलेलं तेल मधून वर उसळतं आणि वेटोळी ढकलली जातात. सपाट बुडाचं, पसरट, साधारण नऊ इंची भांडं घ्या. त्यात तेल एक इंच उंचीपर्यंत, म्हणजे लिटरभराच्या आसपास लागेल. तेल याहून खोल असलं तर धार खाली जाऊन वर येईपर्यंत आकार सोडते. फार उथळ असलं तर जिलेबी तरंगत नाही, बुडाला टेकून राहते आणि खालून डागाळते. तेलाऐवजी तूप किंवा वनस्पती घेतलंत तरी ताव तोच. तुपातली चवीला सरस, यात वाद नाही, पण आधी हात बसू द्या, लिटरभर तूप शिकण्यात घालवू नका.

आता ताव. धार सोडताना तेल १६० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, १५५ ते १६५ मधे कुठेही चालेल. पुष्कळ ठिकाणी १८० लिहिलेलं असतं, ते मोठ्या तईला किंवा खूप पातळ धारेला कदाचित चालेल, घरी त्याने वेटोळी फुटतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर त्याचं टोक बुडाला टेकू देऊ नका, बुडाशी तेल नेहमी जास्त गरम लागतं. थर्मामीटर नसेल तर थेंबाची परीक्षा घ्या, आम्ही आजही तीच घेतो. हाताला लागलेल्या पिठाचा वाटाण्याएवढा थेंब तेलात सोडा. तो बुडाशी जायला हवा आणि मनात सावकाश एक-दोन-तीन म्हणेपर्यंत वर यायला हवा. वर आल्यावर भोवती बारीक बुडबुड्यांची कडी हवी. थेंब खालीच बसून राहिला तर तेल अजून थंड आहे. तो बुडालाच नाही, पडल्या पडल्या वरच फुलला आणि बघता बघता तांबूस झाला, तर तेल पुढे गेलं. अशा वेळी गॅस बारीक करून वाट बघत बसू नका, तेल फार सावकाश उतरतं. गॅस पूर्ण बंद करा, वाटीभर गार तेल कडेने ओता आणि मिनिटभराने पुन्हा थेंब टाका. ओतताना ते तेल आणि वाटी कोरडी असल्याची खात्री करा, नाहीतर पाण्याने तेल उडेल.

धारेचं सांगतो. मांजरपाटाच्या दुहेरी फडक्याला मधोमध काज करून घेतलं की पुरे. ते जमत नसेल तर सॉसची पिचकारी चालते. भोक तीन ते चार मिलिमीटरचं हवं, कारण धार तळताना फुगून जवळपास दुप्पट होते. हात तेलापासून दीड-दोन इंचांवर ठेवा. फार वरून धार सोडली तर ती तेलात खोल जाते आणि वळण बिघडतं, फार खालून सोडली तर फडक्याचं तोंड तेलाच्या आचेने शिजून बंद होतं. बाहेरून आत घाला किंवा आतून बाहेर, हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न. अडीच-तीन वेढे पुरेत. वेढ्यांमधे फट ठेवू नका, फुगल्यावर ते एकमेकांना चिकटायला हवेत. शेवटी धार वेढ्यांवरून आडवी नेऊन संपवा. ती आडवी पट्टी म्हणजे जिलेबीची गाठ. ती नसेल तर उलटताना वेटोळं उलगडतं आणि दोष मात्र तेलाच्या माथी जातो.

नऊ इंची भांड्यात चार जिलेब्या, जास्तीत जास्त पाच. पहिली कुठे घातली ते लक्षात ठेवा आणि नेहमी एकाच दिशेने घाला, म्हणजे उलटायची नि काढायचीही तीच पाळी राहील. चारी घालून होईपर्यंत पहिली वर आलेली असते. तरी पहिला अर्धा मिनिट कशालाही हात लावायचा नाही. कवच तेव्हा ओलं असतं, झाऱ्याचा धक्का लागला की वेढे सुटतात.

याच अर्ध्या मिनिटात तुमचं कोडं दडलेलं आहे. माझी भाची इथेच नाशिकच्या सिडकोत राहते, तिची तक्रार शब्दशः तुमच्यासारखीच होती, म्हणून एकदा तिच्या ओट्यापाशी उभं राहून बघितलं. मध्यम आच होती, तेल १६० ला आलेलं. तिने सहा जिलेब्या घातल्या. थर्मामीटर घसरत १४० च्या खाली आला. पहिल्या दोन नीट फुगल्या, शेवटच्या दोन चपट्या झाल्या. तेल थंड पडलं म्हणून तिने आच पूर्ण मोठी केली, तरी काटा बराच वेळ जागचा हलेना. याचं कारण असं, की पिठातलं पाणी वाफ होऊन जात असतं तोवर गॅसची बरीचशी उष्णता त्या वाफेतच खर्च होते. मग वाफ संपत आली, बुडबुडे कमी झाले, आणि तीच मोठी आच आता नुसतं तेल तापवायला लागली. ती जिलेब्या काढून पाकाकडे वळली, पाकातल्या उलटल्या, पुढची पिचकारी भरली. एवढ्या वेळात तेल १९० च्या पुढे गेलेलं होतं. दुसरा घाणा घातल्या घातल्या फुटला. तिने आच एकदम बारीक केली, आणि तिसरा घाणा पुन्हा चपटा.

तिला तिथे दोनच गोष्टी बदलायला लावल्या. सहाच्या जागी चार. आणि आच हलवायची ती तेलाकडे बघून नव्हे, बुडबुड्यांकडे बघून. चारी घातल्या की आच मध्यमच्या थोडी वर न्यायची, म्हणजे तेल १५० च्या फार खाली जात नाही. जिलेब्या उलटल्या आणि बुडबुडे विरळ व्हायला लागले की लगेच मध्यमच्या खाली आणायची, घाणा काढायच्या आधी, काढल्यावर नव्हे. मग काढताना तेल १६५-१७० च्या आसपास असतं आणि पुढची धार सोडेपर्यंत आपोआप १६० ला येतं. पीठ तेच, गॅस तोच, पण पुढचे घाणे एकसारखे निघाले. तुम्हीही आधी एवढंच करून बघा.

दोन घाण्यांच्या मधे बारीक जाळीने तेलातला चुरा काढून घ्या. तो जळाला की तेल काळवंडतं आणि पुढच्या जिलेबीला कडवट वास येतो.

वेळ किती? तीन-चार मिलिमीटरच्या धारेला पहिल्या बाजूने एक ते सव्वा मिनिट, उलटल्यावर पाऊण ते एक मिनिट. म्हणजे सगळी मिळून पावणेदोन ते सव्वादोन मिनिटं. जाड धार असेल तर चारापर्यंतही जाते. पण घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा. जिलेबी पडल्यावर तेल खळाळून बोलतं, वाफ सुटते त्याचा तो आवाज. जसजसं पाणी संपतं तसा तो आवाज बसत जातो, मोठे बुडबुडे बारीक होतात आणि शेवटी कडेला तुरळक उरतात. अशा वेळी सळईने किंवा चिमट्याच्या टोकाने बाहेरच्या वेढ्यावर हलकेच टिचकी मारा. टक असा कोरडा आवाज आला आणि वेढा दबला नाही की जिलेबी झाली. दबून मऊ लागला तर आणखी वीस सेकंद द्या. झाऱ्यावर उचलल्यावर ती हातालाही हलकी लागते, पाणी गेलेलं असतं ना.

रंगावर जाऊ नका, हे मुद्दाम सांगतो, कारण घरी सगळे रंगावरच काढतात. रात्रभर आंबलेलं पीठ आंबट असतं आणि आंबट पिठाला तांबूस रंग उशिरा येतो. ते फिकट बदामीच दिसत राहतं, पण आतून कडक झालेलं असू शकतं. घाईच्या जिलेबीत सोडा घालतात, त्याने उलटं होतं. रंग लवकर चढतो, वरून तांबूस नि आतून ओली, आणि बाई फसते. दुकानातला केशरी रंग तर बहुतेक वेळा पिठात किंवा पाकात घातलेला खायचा रंग असतो, तळण्याने तो येत नाही. शिवाय पाकात गेल्यावर जिलेबी एक-दोन छटा गडद दिसते. म्हणून तेलातून काढताना ती तुम्हाला हवी त्यापेक्षा थोडी फिकटच असू द्या.

दहा मिनिटांत मऊ पडण्याचं मुख्य कारणही इथेच आहे. लोक म्हणतात पाकात जास्त वेळ राहिली म्हणून मऊ झाली. तसं होतं कधीकधी, पण बहुतेक वेळा भिंतीत पाणी राहून गेलेलं असतं. काढल्यावर ती कडकच लागते, कारण वरचा पापुद्रा गरम आणि कोरडा असतो. मग भिंतीतलं उरलेलं पाणी हळूहळू बाहेर सरकतं आणि पापुद्राही मऊ होतो. पडताळा सोपा आहे. एक जिलेबी पाकात न टाकता तशीच ताटलीत ठेवा. दहा मिनिटांनी ती कोरडीच मऊ पडली असेल तर पाकाचा काही संबंध नाही, तळणी कमी पडली. ती कुरकुरीत राहिली आणि पाकातली मऊ पडली, तर पाक तपासा.

आता तेलातून पाकात जायची घडी. जिलेबी झाऱ्यावर उचला, तेलाच्या वरच पाच-सहा सेकंद धरा, एकदा हलकेच झटका आणि थेट पाकात बुडवा. मधे कागद नाही, चाळणी नाही, ताट नाही. तेल निथळावं म्हणून कागदावर काढून ठेवायची सवय भज्यांना ठीक आहे, जिलेबीला ती मारक ठरते. तेलातून निघते तेव्हा नळीच्या पोटात हवा जवळपास नसते, वाफ भरलेली असते. बाहेर आल्यावर ती वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, जागा रिकामी पडते आणि बाहेर जे असेल ते भिंतीच्या छिद्रांतून आत ओढलं जातं. दाबून सोडलेला ड्रॉपर औषध ओढून घेतो, तसंच. त्या क्षणी बाहेर पाक असेल तर पाक आत जातो. बाहेर कागद असेल तर हवा आत जाते आणि भिंतीवर चिकटलेलं तेलही आत ओढलं जातं. म्हणजे तेल कमी व्हावं म्हणून कागदावर ठेवायची आणि तेच तेल तिला पाजायचं. अशी थंडावलेली जिलेबी नंतर पाकात कितीही वेळ ठेवा, पाक बाहेरून चिकटतो, भिंत भिजते, पण पोट रिकामंच राहतं. बाहेर गोड, आत फिकी आणि तरीही मऊ, अशी जिलेबी खाल्ली असेल तर ती अशी झालेली असते.

पाच-सहा सेकंदांहून कमीही नको. तेल टपटपत असताना टाकली तर पाकावर तेलाचा तवंग जमतो आणि तो पुढच्या प्रत्येक जिलेबीच्या अंगाला लागून पाक आत जाऊ देत नाही. तवंग दिसला की डावाने वरच्यावर काढून टाका.

पाकाचं मोजमाप साधं आहे. पाव किलो मैद्याच्या पिठाला अर्धा किलो साखर आणि पाव लिटर पाणी. उकळी आली की मळी काढा, चार-पाच मिनिटं उकळू द्या, केशर-वेलची घाला आणि अर्ध्या लिंबाच्या रसातले थोडेसे थेंब, म्हणजे पाक लवकर साखरत नाही. एकतारी झाला की थांबा. तार बघताना थेंब ताटलीत काढून निवू द्या आणि मगच बोटांत धरा, गरम पाक वाईट भाजतो. थर्मामीटरने बघणार असाल तर एक आमच्या गावचा मुद्दा ध्यानात ठेवा. पुस्तकातला एकतारी पाकाचा आकडा १०४-१०५ अंशांचा असतो, तो समुद्रसपाटीचा. आपलं नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथे पाणीच ९८ च्या आसपास उकळतं. त्यामुळे पाकही दोनएक अंश आधी, १०२-१०३ लाच एकतारी होतो. पुस्तकाच्या आकड्याची वाट बघत उकळत राहिलात तर पाक दोनतारीकडे जाईल, आणि मग जिलेबीवर पांढरी साखर धरते. तेलाच्या तावाला मात्र उंचीचा हा हिशेब लावायची गरज नाही, १६० म्हणजे इथेही १६०.

जिलेबी पडताना पाक गरम हवा, उकळता नको. ६० अंशांच्या जवळपास ठेवा. पातेल्याला बाहेरून बोट लावलं तर चटका बसतो, टेकवून ठेवता येत नाही, इतपत. उकळत्या पाकात कवच शिजल्यासारखं मऊ होतं. शिवाय तो जिलेबीच्या पोटातली वाफ थंडच होऊ देत नाही, मग ओढून घेणार कोण? थंड पाक उलट इतका दाट होतो की बारीक छिद्रांतून आत शिरत नाही, बाहेरच थर देऊन बसतो. म्हणून पाकाचं पातेलं शेजारच्या शेगडीवर अगदी बारीक आचेवर ठेवा आणि अधूनमधून बंद करा, किंवा गरम पाण्याच्या परातीत बसवा. घाणे चालू असताना पाक आटत जातो. झाऱ्यावरून तो मधासारखा जड पडायला लागला की दोन-तीन चमचे गरम पाणी घालून ढवळा. गार पाणी नको.

पाकात किती वेळ? एका बाजूने पंधरा-वीस सेकंद झाऱ्याने दाबून धरा, उलटा, पुन्हा तेवढाच वेळ. जाड असेल तर एकूण मिनिटभर. बुडवताना नीट बघा, वेढ्यांच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची माळ वर येते आणि थोड्या वेळात थांबते, आणि आधी तरंगणारी जिलेबी जड होऊन खाली बसू लागते. म्हणजे पोट भरलं. त्यापुढे ठेवून आत काही जात नाही, फक्त भिंत भिजते. तुमच्याकडे मदतीला कोणी नसेल तर इथेच गडबड होते, कारण पाकातली काढायची आणि तेलातली उलटायची वेळ एकदमच येते. तेव्हा घाणे एकावर एक चढवू नका. चार पाकातून निघाल्या की मगच पुढची धार सोडा. तेवढा वेळ तेल थांबतं, आच आधीच उतरवलेली असली तर.

पाकातून काढलेल्या जिलेब्या जाळीवर एकेरी पसरा. डब्यात भरून झाकण लावलंत तर आतल्या वाफेने त्या घरी जमलेल्या असून सोसायटीत मऊ पोचतील, आणि लोक म्हणतील जमली नाही.

२६ जानेवारीचं वेगळं सांगायला हवं. महाराष्ट्रात जिलेबी सगळ्यात जास्त विकली जाते ती झेंडावंदनाच्या दोन दिवशी, आणि ते दोन दिवस जिलेबीच्या दृष्टीने अगदी विरुद्ध आहेत. १५ ऑगस्टला हवा दमट, पीठ भराभर चढतं, आणि तळलेली जिलेबी हवेतलं पाणी ओढून तासाभरात लवते. जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे कुरकुरीतपणा टिकतो. पण पहाटे निफाडकडून गारठा येतो तेव्हा पीठ रात्रभरात आंबेलच असं नाही. ते ओट्यावर उघडं ठेवू नका, कोमट पाण्याच्या भांड्यात बसवून वर जाड कापड घाला आणि आदल्या दिवशी संध्याकाळी लवकर भिजवा. सकाळी वर बुडबुड्यांची जाळी आणि ताकासारखा आंबूस वास हवा. पीठ गारठलेलं असेल तर धार सोडण्याआधी तासभर स्वयंपाकघराच्या उबेत येऊ द्या, कारण गार पीठ तेलाचा ताव आणखी खाली ओढतं. पाकही अशा सकाळी बघता बघता गार होतो. अंगणात किंवा गच्चीवर करणार असाल तर पाकाखाली दुसरी शेगडी लागेलच, तिथे काटकसर करू नका.

सोसायटीत नेताना माझं ऐकाल तर कोरड्या तळून तिथे पाकात घालायचा बेत करू नका. मघाशी सांगितलेलं कारण तिथेही लागू आहे, थंड जिलेबी पाक पीत नाही. घरी पाकासकट पूर्ण करा, जाळीवर निववा, आणि पसरट परातीत सुती फडकं टाकून न्या. अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर असेल तर एवढं पुरतं. पंचवीस-तीस घरं असतील तर मात्र एका गॅसवर चारच्या घाण्याने सकाळ जाईल. अशा वेळी दुसरं तसंच भांडं दुसऱ्या शेगडीवर घ्या, पण एकाच भांड्यात आठ घालून वेळ वाचवायला जाऊ नका.

पहिला घाणा फक्त दोन जिलेब्यांचा करा आणि त्यातली एक मोडून बघा. पाक घातलेली असेल तर नळीत ओघळणारा पाक दिसायला हवा आणि मोडताना आवाज यायला हवा. नळी भरलेली पण आवाज नाही, तर पुढच्या घाण्याला तेलात वीस-तीस सेकंद जास्त द्या. आवाज आहे पण नळी कोरडी, तर पाकाची ऊब बघा किंवा तेलातून पाकात जाताना तुमचा हात रेंगाळतोय का ते बघा. जिलेबी चपटी असेल तर थेंब टाकून तेल तपासा. तेल बरोबर असून चपटी होत असेल, तेव्हा कुठे पिठाकडे वळा. पाव किलो मैद्याला दही आणि पाणी मिळून साधारण पाव लिटर लागतं, मैद्यागणिक थोडं कमीजास्त. पीठ पळीतून सलग पट्टीने पडायला हवं आणि भांड्यात पडल्यावर तिची खूण क्षणभर दिसून मिटायला हवी. खूण दिसतच नसेल तर चमचाभर मैदा फेटून घाला आणि पाच मिनिटं थांबून मगच धार सोडा, नाहीतर गुठळीने पिचकारीचं तोंड अडतं. फेटताना हात हलका ठेवा, रात्रभरात जमलेले बुडबुडे सगळे मोडू नका.

उरलेलं पीठ फ्रिजमधे दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. पण ते जास्त आंबलेलं असेल, रंग आणखी उशिरा येईल, तेव्हा त्या दिवशी तर कानानेच तळा. पाक उरला तर गाळून ठेवा, थोडं पाणी घालून एक उकळी काढली की शंकरपाळ्यांच्या पिठात खपतो.